करार वाढवणार नाही, पण कारण सांगत नाहीत: घरमालकाला लेखी विचारायचं कसं

एप्रिलच्या १४ तारखेला माझ्या मावसबहिणीला घरमालकांचा व्हॉट्सॲप मेसेज आला: "या वेळी करार रिन्यू करायचा नाही. ३१ मे ला घर खाली करून द्या." बाकी काहीच नव्हतं. कोथरूडमधल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती, तिचा नवरा आणि मुलगी चार वर्षं राहत होती. दरवर्षी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्सचा करार व्हायचा आणि दरवर्षी थोडी भाडेवाढ. भाडं २४,००० रुपये, डिपॉझिट ७५,०००. भाडं एकदाही थकलेलं नाही. तिनं लगेच फोन केला, तर "आमचा निर्णय झालाय" एवढंच उत्तर मिळालं.

त्या रात्री आम्ही बसून पत्र लिहिलं. पुढच्या दीड महिन्यात जे घडलं त्याच्या आधारे हा लेख लिहितोय. यातली कायद्याची माहिती महाराष्ट्रातल्या राहत्या घरांच्या लिव्ह अँड लायसन्सपुरती आहे. दुकानं, गाळे आणि इतर राज्यांतली घरं यांचे नियम वेगळे आहेत.

आधी करार काढा

कारण मागण्याआधी आपल्या हातात कोणता कागद आहे ते बघा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. करार सापडत नसेल आणि तो नोंदणीकृत असेल, तर igrmaharashtra.gov.in वरून इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा सारांश असलेला उतारा, काढता येतो.

करारावर "लिव्ह अँड लायसन्स" लिहिलेलं असेल, तो नोंदवलेला असेल आणि मुदत संपत आली असेल, तर एक कडू गोष्ट आधीच मान्य करावी लागते. मुदतवाढ का नाही याचं कारण देण्याचं बंधन कायद्यानं मालकावर घातलेलं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ नुसार मुदत संपली की परवानाधारकानं, म्हणजे लायसन्सवर राहणाऱ्यानं, ताबा द्यायचा असतो. चार वर्षं राहिलात, भाडं वेळेवर दिलंत, तरी याच्यात फरक पडत नाही. दरवर्षीचा करार हा नवा करार असतो.

तरी करारातलं नूतनीकरणाचं कलम नीट वाचा. "परस्पर संमतीने मुदत वाढवता येईल" असं असेल, तर मालकाची संमती नाही म्हणजे विषय संपला. पण क्वचित "परवानाधारकाची इच्छा असल्यास आणखी ११ महिने" अशा अर्थाचं वाक्य असतं. तसं असेल, तर कारण विचारण्याआधी त्या कलमाचा हवाला देऊन मुदतवाढ मागा आणि वकिलाला करार दाखवा.

तारीखही मोजा. करार १ जुलैला सुरू झाला असेल तर ११ महिने ३१ मे ला संपतात. मालकानं सांगितलेली तारीख त्याच्या आधीची असेल, तर तो मुदतवाढीचा नकार नाही, करार मध्येच तोडणं आहे. तिथे करारातलं नोटिशीचं आणि लॉक-इनचं, म्हणजे ठरावीक काळ करार तोडता न येण्याचं, कलम लागू होतं.

करारच नसेल किंवा नोंदवलेला नसेल, तर चित्र बदलतं. कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. आणि तुम्ही लायसन्सवर नसून खरे भाडेकरू असाल, उदाहरणार्थ पागडीच्या जुन्या घरात, तर मालकाला कलम १६ मधलं एखादं कारण न्यायालयात सिद्ध करूनच घर परत घेता येतं. त्या दोन्ही परिस्थितींत पत्र पाठवण्याआधी वकिलाला भेटा.

मग हक्क नसताना विचारायचं कशाला?

हा प्रश्न बहिणीच्या नवऱ्यानं विचारला आणि तो रास्त होता. माझं उत्तर असं की खऱ्या कारणापेक्षा एक दुसरं वाक्य आपल्याला जास्त हवं असतं: "तुमच्याबद्दल काही तक्रार नाही." हे वाक्य लेखी मिळालं, तर घर सोडताना डिपॉझिटमधून मोठी रक्कम कापणं मालकाला अवघड जातं. पुढचा घरमालक "आधीचं घर का सोडलं?" विचारतो तेव्हाही ते दाखवता येतं. आणि तक्रार असेल, तर ती शेवटच्या दिवशी चावी हातात घेताना ऐकण्यापेक्षा सहा आठवडे आधी कळलेली बरी. तोवर फोटो, मेसेज, पावत्या शोधायला वेळ मिळतो.

म्हणून पत्रातला मुख्य प्रश्न "का?" एवढाच ठेवू नका. नुसत्या "का?" ला "वैयक्तिक कारण" हे उत्तर पुरतं आणि त्यातून काहीच हाती लागत नाही. त्याच्या जोडीला नेमका प्रश्न घाला: भाडं, घराची स्थिती किंवा आमचं वागणं याबद्दल काही तक्रार आहे का? याचं उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं, आणि दोन्ही उत्तरं उपयोगी पडतात.

पत्राचा मजकूर

मेसेज आल्यावर दोन दिवस थांबून १६ तारखेला आम्ही हे पाठवलं. आकडे आणि तारखा बदलून कुणालाही वापरता येईल.

"आदरणीय काका, सप्रेम नमस्कार.

१४ एप्रिलच्या मेसेजमध्ये आपण करार पुढे वाढवणार नसल्याचं कळवलंत. करारानुसार ३१ मे रोजी मुदत संपते आणि त्या दिवशी घराचा ताबा देण्याची आमची तयारी आहे.

चार वर्षं आम्ही आपल्या घरात राहिलो, म्हणून एक विनंती आहे. मुदतवाढ न देण्याचं कारण आपण लेखी कळवावं. विशेषतः भाडं, घराची स्थिती किंवा आमचं वागणं याबद्दल आपली किंवा सोसायटीची काही तक्रार असेल, तर ती स्पष्ट सांगावी, म्हणजे वेळेत दूर करता येईल. तक्रार नसेल तर तसंही एका ओळीत कळवावं, पुढच्या घरासाठी आम्हाला त्याचा उपयोग होईल.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपण एकदा घर बघून जावं, म्हणजे काही दुरुस्ती असेल तर एकत्र ठरवता येईल. ७५,००० रुपयांचं डिपॉझिट ताबा देताना कसं परत मिळेल तेही कळवावं.

२६ एप्रिलपर्यंत उत्तर मिळालं तर आम्हाला पुढची तयारी करता येईल."

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य पहिल्या परिच्छेदातलं आहे: ताबा देण्याची तयारी आहे. ते वाचल्यावर मालकाची भीती कमी होते. भाडेकरू कारण विचारतोय म्हणजे घर अडवून बसणार, ही शंका पुण्या-मुंबईतल्या बहुतेक मालकांच्या मनात असते, आणि ती शंका असेपर्यंत ते मोकळेपणानं काही सांगत नाहीत. तुम्हाला राहायचंच असेल, तर या वाक्यापुढे "तरी आपण पुनर्विचार करावा, आम्ही योग्य भाडेवाढीला तयार आहोत" असं जोडा. तयारीचं वाक्य मात्र काढू नका.

काय लिहू नये तेही सांगतो. "कारण देणं कायद्यानं बंधनकारक आहे" असं लिहू नका. ते खरं नाही, आणि मालकानं वकिलाला दाखवलं तर पत्राचं वजन तिथेच संपतं. "अमुक झाल्याशिवाय घर सोडणार नाही" हे वाक्य उद्या तुमच्याविरुद्ध वापरलं जाईल. स्वतःचा अंदाजही लिहू नका. "तुम्हाला जास्त भाडं हवंय म्हणून आम्हाला काढताय" असं म्हटलं की समोरचा तेवढंच नाकारतो आणि खरं कारण कायमचं झाकलं जातं.

पाठवायचं कुणाला, कसं

करारावर ज्यांची नावं मालक म्हणून आहेत त्या सगळ्यांना. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांना. मालक परदेशात असतील आणि करारावर मुखत्याराची सही असेल, तर मालक आणि मुखत्यार दोघांना. एजंटला पाठवलेला मेसेज मालकाला पोचला असं धरू नका. सोसायटीच्या सेक्रेटरीला प्रत पाठवायचा मोह होतो, पण तसं केलं की मालकाला चारचौघांत विचारल्यासारखं वाटतं. आम्ही ते टाळलं.

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या संभाषणातच पाठवा, ईमेल असेल तर त्यावरही, आणि तीच प्रत करारातल्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं पोचपावतीसह. शेजारी राहणाऱ्या काकांना पोस्टानं पत्र पाठवणं विचित्र वाटतं हे मान्य आहे. म्हणून बहिणीनं मेसेजमध्येच लिहिलं, "पत्राची एक प्रत पोस्टानंही पाठवते आहे, कृपया गैरसमज नसावा." व्हॉट्सॲपचं संभाषण पुराव्यात दाखल करायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्यामुळे मूळ फोनमधलं संभाषण पुसू नका. नुसते स्क्रीनशॉट ठेवून फोन विकलात तर अडचण होईल.

उत्तर फोनवरच येतं

मालक लेखी उत्तर देत नाहीत, फोन करतात. काकांनीही १९ तारखेला फोनच केला. म्हणाले, "तुमच्याबद्दल सोसायटीच्या तक्रारी आहेत. खालच्या फ्लॅटमध्ये पाणी गळतंय. वॉटरप्रूफिंगचा चाळीस हजारांचा खर्च आहे, तो तुमच्या डिपॉझिटमधून जाईल."

इथे बहुतेक जण फोनवरच भांडतात आणि भांडणानंतर हातात काही उरत नाही. बहिणीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि दहा मिनिटांत मेसेज लिहिला: "काका, आत्ता फोनवर आपण सांगितलंत की खालच्या फ्लॅटमधल्या गळतीबद्दल सोसायटीची तक्रार आहे, म्हणून करार वाढवायचा नाही, आणि वॉटरप्रूफिंगचे ४०,००० रुपये डिपॉझिटमधून कापण्याचा विचार आहे. माझ्या समजण्यात चूक असेल तर कृपया सांगा. सोसायटीच्या पत्रांच्या प्रती मिळाल्या तर बरं होईल."

उत्तर आलं, "हो, पाठवतो." तोंडी कारण असं लेखी झालं. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: फोन संपल्यावर लगेच, आरोपाचा सूर न ठेवता, ऐकलं तेवढंच लिहून पाठवायचं. समोरच्यानं "हो" म्हटलं तर उत्तम. काहीच म्हटलं नाही तरी त्या दिवशीची नोंद राहते.

सोसायटीची दोन पत्रं आली. पहिलं आदल्या सप्टेंबरचं होतं. बहिणीनं आपले जुने मेसेज चाळले, तर ऑगस्टमध्येच तिनं काकांना बाथरूमच्या फरशीखालून पाणी झिरपत असल्याचे फोटो पाठवले होते आणि प्लंबर पाठवायला सांगितलं होतं. उत्तर होतं, "पावसाळा संपल्यावर बघू." म्हणजे गळती तिनं लपवली नव्हती, आधी कळवली होती. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणेही शौचालय, सिंक यांतून होणाऱ्या आतल्या गळतीची दुरुस्ती सदस्यानं करायची असते, आणि सदस्य म्हणजे फ्लॅटचा मालक. भाडेकरूकडून तो खर्च घ्यायचा, तर करारात तसं असायला हवं किंवा नुकसान त्याच्या हातून झालेलं असायला हवं. तिच्या करारात "किरकोळ दुरुस्ती परवानाधारकाची, मोठी दुरुस्ती मालकाची" अशी ओळ होती. जुन्या फरशीखालचं वॉटरप्रूफिंग किरकोळ म्हणता येत नाही.

तिनं ऑगस्टचे फोटो, काकांचं उत्तर आणि करारातली ती ओळ एकाच मेसेजमध्ये पाठवली. वाद घातला नाही. तीन दिवसांनी उत्तर आलं की डिपॉझिटचं हिशेबानं बघू. करार वाढवायला मात्र ते तयार झाले नाहीत, कारण बाथरूम फोडायचंच होतं. हे आपण मान्य करायला हवं. लेखी कारण मिळालं म्हणून घर राहतंच असं नाही.

इतर उत्तरं

"मुलगा परत येतोय", "घर विकायचंय" या उत्तरांची शहानिशा करण्यात वेळ घालवू नका. लायसन्स संपल्यावर कारण खोटं ठरलं तरी घर परत मिळत नाही. अशा उत्तराखाली "म्हणजे आमच्याबद्दल काही तक्रार नाही, बरोबर ना?" एवढं विचारून घ्या. भाड्याचं कारण असेल, तर तुमचा आकडा आणि तो किती महिन्यांसाठी हे एकदाच लिहा.

उत्तर आलंच नाही, तर ठरलेल्या दिवसानंतर दुसरा आणि शेवटचा मेसेज पाठवा. त्यात कारणाचा विषय सोडून द्या. घर बघायला कधी येणार आणि डिपॉझिट कसं देणार, हे दोनच प्रश्न. मौनाचीही नोंद होते: तक्रार विचारली होती आणि सांगितली गेली नाही.

एका ठिकाणी मात्र कारणाला कायद्यात मोठी किंमत आहे. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीला त्यामुळे घर नाकारणं एचआयव्ही आणि एड्स अधिनियम, २०१७ च्या कलम ३ नुसार, आणि पारलिंगी व्यक्तीला त्यामुळे नाकारणं पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३ नुसार निषिद्ध भेदभाव आहे. असं कारण बोलण्यात आलं, तर वरच्याच पद्धतीनं ते मेसेजमध्ये लिहून काढा आणि ताबा देण्याआधी वकिलाचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्या. प्राधिकरणाकडे पात्र व्यक्तींना मोफत वकील मिळतो.

मुदतीनंतरचा एकेक दिवस महाग असतो

उत्तराची वाट बघत घरात राहू नका. कलम २४ नुसार मुदत संपूनही ताबा दिला नाही, तर परवाना शुल्काच्या, म्हणजे भाड्याच्या, दुप्पट दरानं नुकसानभरपाई द्यावी लागते. बहिणीच्या हिशेबानं महिन्याला ४८,००० रुपये. दोन महिने राहिली असती तर ९६,०००, म्हणजे सगळं ७५,००० डिपॉझिट जाऊन वर २१,००० द्यायचे. आणि नोंदवलेल्या करारात लिहिलेल्या गोष्टी अशा प्रकरणात निर्णायक पुरावा मानल्या जातात, त्यामुळे "तोंडी वेगळं ठरलं होतं" हे तिथे चालत नाही.

मुलीची परीक्षा किंवा नव्या घराचं काम यासाठी थोडे दिवस हवे असतील, तर ते मुदत संपायच्या आत मागा. मेसेजमध्ये नेमकी तारीख आणि "त्या दिवसांचं भाडं आत्ताच्याच दरानं" हे दोन्ही असू द्या आणि मालकाचा होकार लेखी घ्या. खरं तर मुदतवाढीचाही करार नोंदवायला हवा. दोन-तीन आठवड्यांसाठी प्रत्यक्षात कुणी नोंदवत नाही, पण त्याहून जास्त राहायचं असेल तर नोंदवाच.

दुसऱ्या बाजूनं, मुदत संपली म्हणून मालकालाही कुलूप घालता येत नाही की सामान बाहेर काढता येत नाही. त्यांनी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा असतो. जबरदस्ती झाली तर ११२ वर फोन करा आणि पोलिसांना करार दाखवा.

ताबा देताना

पत्रव्यवहाराचा खरा उपयोग शेवटच्या दिवशी होतो. बहिणीनं ३० मे ला, एक दिवस आधी, रिकाम्या घराचा व्हिडिओ केला: प्रत्येक खोली, नळ चालू करून, बाथरूमची फरशी जवळून, विजेच्या मीटरचा आकडा. काकांसमोर एका कागदावर ताबापावती लिहिली आणि दोघांनी सह्या केल्या:

"फ्लॅटचा रिकामा ताबा आणि तीन चाव्या आज मिळाल्या. मीटरचा आकडा नोंदवला आहे. विजेच्या शेवटच्या बिलाचे अंदाजे १,१५० रुपये वजा करून ७३,८५० रुपये परवानाधारकाच्या खात्यात आज जमा केले. दोघांचं एकमेकांकडे काही येणं नाही."

पैसे खात्यात आल्याचा मेसेज बघूनच तिनं चाव्या दिल्या. काका त्या दिवशी पैसे देऊ शकले नसते, तर पावतीत शेवटच्या ओळीऐवजी "डिपॉझिटचे अमुक रुपये अमुक तारखेपर्यंत देणं बाकी" असं लिहायचं ठरलं होतं. ती ओळ असलेली सहीची पावती मिळाली, तर पैसे थकल्यावर वकिलाची नोटीस आणि मग वसुलीचा दिवाणी दावा करता येतो. त्याला ३ वर्षांची मुदत असते, आणि त्या दाव्याला १६ एप्रिलचं पत्र आणि १९ तारखेचा मेसेज जोडायचा.